वीज लांबली तर लॅबमध्ये काय करायचं: रिएजंट आणि नमुने वाचवण्याची क्रमवार पद्धत

वीज गेली की नवा टेक्निशियन आधी फ्रीज उघडून आत किती गार आहे ते हात लावून बघतो. नेमकं तेच करायचं नाही. फ्रीजला थोडा वेळ आहे, टेबलावरच्या नळ्यांना नाही. लांबलेल्या वीजकपातीत आधी नमुने आणि मग रिएजंट, हा क्रम पाळला तर अर्धं काम तिथेच होतं.

खालची पद्धत एका दिवसाची गोष्ट सोबत घेऊन सांगतो. वादळात तारा तुटल्या आणि सकाळी ११:१० ला आमच्या केंद्राची वीज गेली, ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी. जनरेटर होता, पण तो प्रसूतीची खोली आणि लशींचा फ्रीज यांच्यासाठी. लॅबचा फ्रीज, सेंट्रिफ्यूज, अॅनालायझर यातलं काहीच त्यावर नव्हतं. बहुतेक छोट्या केंद्रांत चित्र असंच असतं, म्हणून हाच प्रसंग घेतला.

## आधीपासून हाताशी काय हवं

- कमाल-किमान तापमान दाखवणारा डिजिटल थर्मामीटर. त्याचा प्रोब पाण्याच्या किंवा ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत बुडवलेला असावा
- लॅबचा स्वतःचा चार आइसपॅकचा कॅरियर, त्यावर ठळक अक्षरात ‘लॅब’ लिहिलेलं
- नमुन्यांसाठी वेगळा थर्माकोलचा डबा
- फ्रीजच्या दारावर चिकटवलेली यादी: कोणत्या कप्प्यात काय, लॉट नंबर काय
- सगळ्या कीटची माहितीपत्रकं एका फाइलमध्ये, तापमान नोंदवही, क्वालिटी कंट्रोलचे तक्ते
- हाताने फिरवायचा सेंट्रिफ्यूज असल्यास उत्तम, सोबत ड्रॉपर आणि रिकाम्या नळ्या
- मार्कर, चिकटपट्टी, टॉर्च

प्रोब कुपीत का बुडवायचा? मोकळा प्रोब हवेचं तापमान दाखवतो आणि दार क्षणभर उघडलं की एकदम वर उडी मारतो. बाटलीतल्या द्रवाला तेवढी उडी बसलेली नसते. आपल्याला बाटलीची स्थिती हवी आहे, हवेची नाही.

## १. वेळ लिहा, प्लग काढा, दाराला चिकटपट्टी लावा

वीज गेल्याची वेळ आणि त्या क्षणी थर्मामीटरवर दिसणारा आकडा नोंदवहीत लिहा. आमचा होता ४.५ अंश सेल्सिअस. पुढे एखादं कीट वापरायचं की टाकायचं हे ठरवताना ‘बराच वेळ गरम होतं’ या वाक्याचा काहीच उपयोग होत नाही. किती तास, किती अंशांपर्यंत, एवढंच विचारलं जातं.

फ्रीज, अॅनालायझर आणि सेंट्रिफ्यूज यांचे प्लग काढून ठेवा. लांबलेली वीज परत येते तेव्हा पहिली काही मिनिटं व्होल्टेज वरखाली होतं, आणि मशीनचं नुकसान बहुधा त्यातच होतं.

फ्रीजच्या दारावर चिकटपट्टीची एक पट्टी लावून ‘उघडू नये’ असं लिहा. हे स्वतःसाठी कमी आणि इतरांसाठी जास्त. पाण्याची बाटली गार करायला लॅबचा फ्रीज उघडणारं माणूस प्रत्येक केंद्रात एखादं तरी असतंच.

## २. टेबलावरचे नमुने: घड्याळ इथे सर्वात वेगाने फिरतं

त्या वेळी आमच्या टेबलावर साध्या नळ्यांत गोठायला ठेवलेलं रक्त होतं, काही ईडीटीएच्या नळ्या, काही फ्लोराइडच्या, आणि वरच्या लॅबला जाणारे थुंकीचे दोन डबे. सेंट्रिफ्यूज बंद. प्रत्येकाची गरज वेगळी असते, त्यामुळे सगळं उचलून एकाच थंड डब्यात टाकणं हा सापळा आहे.

शुगर. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. न वेगळं केलेल्या रक्तात, साध्या खोलीच्या तापमानाला, ग्लुकोज दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटतं. उकाड्यात आणखी वेगाने. म्हणजे उपाशीपोटी १४० असलेल्या रुग्णाची नळी चार तास तशीच राहिली तर आकडा १०५ ते ११४ च्या दरम्यान येतो. मधुमेहाची १२६ ची रेषा ओलांडलेला माणूस कागदावर तिच्या खाली दिसतो. फ्लोराइडची नळी ही घसरण थांबवते, पण लगेच नाही. पहिल्या तास-दोन तासांत थोडी घट होतेच. पुढे मात्र आकडा टिकतो, त्यामुळे फ्लोराइडच्या नळ्या थांबू शकतात. साध्या नळीतल्या रक्तावर मात्र आता शुगर करायची नाही. आम्ही ते रुग्ण अजून आवारात होते तोवर त्यांना थांबवलं, डॉक्टरांना विचारून ग्लुकोमीटरवर तपासलं आणि रिपोर्टवर ‘बोटातल्या रक्तावर, ग्लुकोमीटरने’ असं स्पष्ट लिहिलं.

गोठलेलं रक्त. इथे नव्या माणसाचा हात आपोआप फ्रीजकडे जातो. सिरम वेगळं करण्याआधी नळी थंडीत ठेवली की पेशींच्या भिंतीवरचा सोडियम-पोटॅशियमचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. रंगात काहीच फरक दिसत नाही, पण रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. अशी नळी बर्फाला टेकली आणि पेशी फुटल्या तर मग सगळंच गेलं.

म्हणून नळ्या रॅकमध्ये सरळ उभ्या ठेवा आणि हलवू नका. अर्ध्या ते एक तासात गुठळी आकसते आणि वर पिवळसर सिरम जमतं. कुठे गुठळी काचेला चिकटून बसली असेल तर लाकडी काडीने कडेने अलगद सोडवा, ढवळू नका. मग ड्रॉपरचं टोक गुठळीपासून बोटभर वर ठेवून सिरम हळू ओढा. लालसर रेघ आत येताना दिसली की तिथेच थांबा. थोडं कमी सिरम चालतं, लाल सिरम चालत नाही. हाताने फिरवायचा सेंट्रिफ्यूज असेल तर तो वापराच, फक्त समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवायला विसरू नका. जेलच्या नळ्यांचा मात्र फिरवल्याशिवाय उपयोग नाही, कारण जेल आपोआप मध्ये येऊन बसत नाही. त्यातलंही सिरम वरून ड्रॉपरनेच काढून घ्यावं लागतं.

वेगळं केलेलं सिरम नव्या नळीत टाकताना नाव आणि नंबर आधी नव्या नळीवर लिहा, मग ओता. अंधारलेल्या खोलीत घाईने नळ्यांची अदलाबदल होणं हे सिरम खराब होण्यापेक्षा वाईट. एकदा वेगळं झालं की ते थर्माकोलच्या डब्यात, २ ते ८ अंशांत, आरामात दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं.

ईडीटीए. सेल काउंटर बंद असला तरी मलेरियाची जाड आणि पातळ स्लाइड लगेच करून ठेवा. रक्त ईडीटीएमध्ये जितकं जास्त वेळ राहील तितक्या पेशी आणि परजीवी दोन्हींचा आकार बिघडत जातो. काउंटसाठी हीच नळी खोलीच्या तापमानाला साधारण आठ तास आणि थंडीत चोवीस तासांपर्यंत चालते. दिवसभर वीज येण्याची चिन्हं दिसेनात तेव्हा आम्ही त्या नळ्या डब्यात हलवल्या.

थुंकी. सीबीनॅटसाठी जाणारा नमुना ३५ अंशांपर्यंत तीन दिवस चालतो, म्हणून त्यासाठी बर्फाची ओढाताण करू नका. कल्चरला जायचा असेल तर मात्र थंडीत हवा, नाहीतर इतर जंतू माजतात.

लघवी. तासा-दोन तासांत तपासा नाहीतर थंड करा. पट्टी आणि सूक्ष्मदर्शक दोन्हींना वीज लागत नाही, तेव्हा लगेच उरका.

सूक्ष्मदर्शकाला वीज लागत नाही हे खरं, पण दिव्याच्या जागी आरसा बसणारं मॉडेल हवं. आरसा खिडकीतल्या उजळ आकाशाकडे वळवा, सूर्याकडे कधीही नाही. भिंगातून थेट सूर्य डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. दुपारी साडेतीनपर्यंत आम्ही सगळ्या स्लाइड अशाच वाचून संपवल्या.

## ३. फ्रीज न उघडता कागदावर वाटणी करा

दारावरची यादी इथे कामाला येते. हातात पेन घ्या आणि तीन खुणा करा.

पहिली खूण, ज्यांना थंडीची गरजच नाही. बहुतेक रॅपिड कार्डं ३० अंशांपर्यंत चालतात, ती सवयीने फ्रीजमध्ये गेलेली असतात. जाफे पद्धतीचं क्रिएटिनिन, म्हणजे पिक्रिक अॅसिडचं, साधारणपणे खोलीच्या तापमानालाच ठेवायचं असतं. लघवीच्या पट्ट्या तर फ्रीजमध्ये ठेवायच्याच नसतात. खात्री माहितीपत्रकावरूनच करा, कारण कंपनीगणिक फरक असतो.

दुसरी खूण, ज्यांना उष्णता खपत नाही. एसजीपीटी, एसजीओटी यांसारखी एन्झाइमची कीटं, त्यातही दोन बाटल्या मिसळून तयार केलेलं वर्किंग रिएजंट आधी. रक्तगटाचे अँटिसेरा. उघडलेले कंट्रोल.

तिसरी खूण, ज्यांना गोठणं खपत नाही. सीआरपी, आरए, एएसओ यांचं लॅटेक्स, विडालचे अँटिजन, आरपीआरचं अँटिजन, रक्तपेशींचा कंट्रोल. यातलं बरंचसं दुसऱ्या खुणेतही येतं, आणि खरी कसरत हीच आहे. माझं ठाम मत आहे की वीजकपातीत उष्णतेपेक्षा बर्फानेच जास्त रिएजंट मरतात. १२ अंशांवर काही तास राहिलेलं लॅटेक्स बहुतेक वेळा वापरता येतं. एकदा गोठलेलं लॅटेक्स परत येत नाही.

कॅरियरमध्ये जागा थोडी असते. कंट्रोलला पहिली जागा द्या. रिएजंट संशयास्पद झालं तर कंट्रोल लावून तपासता येतं. कंट्रोलच गरम झाला असेल तर आकडा चुकल्यावर दोष कोणाचा ते कळायला मार्ग राहत नाही.

## ४. आइसपॅक ‘घामेजू’ द्या, मगच भरा

आमच्या फ्रीजमध्ये मोकळ्या जागी पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या, म्हणून तापमान हळू चढलं. दुपारी १ ला ६.०, पावणेतीनला ७.१. आठ होण्याची वाट बघू नका. सातच्या आसपास हलवा, कारण दार उघडून सामान काढेपर्यंत एखादा अंश जातोच.

लशींचं काम बघणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, “दादा, तुमच्या बाटल्या माझ्या आयएलआरमध्ये ठेवा की. ते जनरेटरवर आहे.”

“नको सिस्टर, लशींबरोबर लॅबचं काहीच नको. आइसपॅक तेवढे द्या, तुम्हाला पुरत असतील तर.”

“चार आत्ता न्या. रात्री आणखी चार देते.”

हा मोह प्रत्येक वेळी होतो आणि समोरचं माणूस मदत म्हणूनच म्हणत असतं. पण लशींच्या फ्रीजमध्ये रिएजंट नाही आणि नमुने तर नाहीच नाही. आणि लॅबचा कॅरियर एकदा लॅबमध्ये वापरला की तो परत लशींसाठी जात नाही. त्यावर नाव लिहायचं ते याचसाठी.

डीप फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे वीसच्या आसपास असतो. तो तसाच कॅरियरमध्ये लावला तर त्याला टेकलेली बाटली गोठते. म्हणून पॅक टेबलावर एकमेकांपासून सुटे मांडून ठेवा. आधी त्यांच्यावर पांढरं हिव दिसतं. मग ते ओघळतं आणि पृष्ठभागावर पाण्याचे थेंब येतात. कानाशी धरून हलवल्यावर आत बर्फ पाण्यात हलल्याचा खळखळ आवाज आला की पॅक तयार. याचा अर्थ आत बर्फ आणि पाणी दोन्ही आहे, म्हणजे पॅक शून्य अंशावर आला. याला किती वेळ लागेल ते खोलीवर अवलंबून आहे, तेव्हा घड्याळ बघू नका, आवाज ऐका.

एवढा वेळ ‘वाया’ जातोय असं वाटून लोक घाई करतात. प्रत्यक्षात फारसं काही जात नाही. पॅकची खरी शक्ती बर्फ वितळण्यात आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी शोषायला २ ते ८ अंशांच्या पट्ट्यात साधारण १३ लिटर पाणी लागेल. थोडासा बर्फ आधी वितळला म्हणून काही बिघडत नाही.

पॅक पुसून चारही बाजूंना लावा. बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत, लॅटेक्स आणि विडालभोवती कागदाची किंवा पुठ्ठ्याची एक घडी जास्तीची, आणि ते मधोमध. थर्मामीटरचा प्रोब त्यांच्याच शेजारी. मग झाकण घट्ट. नमुन्यांचा डबा वेगळा, त्यातले पॅकही वेगळे.

## ५. रात्र काढणे

कॅरियर खोलीच्या सर्वात थंड, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा आणि झाकण उघडू नका. प्रोबची तार बाहेर असेल तर आकडा बाहेरूनच दिसतो. दर दोन-तीन तासांनी लिहा. आमच्या नोंदी अशा होत्या: संध्याकाळी ५ ला ३.४, रात्री ९ ला ४.१, पहाटे ५ ला ६.३. रात्री घेतलेल्या चारांपैकी दोन पॅक पहाटे बदलले, आणि बदलतानाही त्यांचा आवाज ऐकूनच. आकडा २ च्या खाली जायला लागला तर झाकण उघडून एक पॅक लगेच काढा. वरचा आकडा जितक्या काळजीने बघता तितकाच खालचाही बघा.

रात्रपाळीला दुसरं कोणी असेल तर तोंडी सांगून भागत नाही. कॅरियरवर कागद चिकटवा: किती आकड्याला काय करायचं आणि कोणाला फोन करायचा.

आमची ग्लुकोजची मोठी बाटली कॅरियरमध्ये मावली नाही. ती फ्रीजमध्येच राहिली आणि सकाळपर्यंत तिथला आकडा १७ झाला. तिचं काय झालं ते पुढे येतं.

## ६. वीज आल्यावर घाई करू नका

दिवे लागल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग स्टॅबिलायझरमार्फत फ्रीज लावा. रिकामा, गरम झालेला फ्रीज जोरात थंड करायला लागतो आणि मागच्या भिंतीजवळ शून्याखाली जाऊ शकतो. थर्मामीटरची कमाल-किमान नोंद आधी वहीत उतरवा, मगच रीसेट करा. रीसेट आधी झालं तर पुरावाच गेला. फ्रीज काही तास सलग २ ते ८ मध्ये राहिलेला दिसल्यावर सामान परत ठेवा, आणि बाटल्या मागच्या भिंतीला टेकवू नका.

## ७. काय वापरायचं, काय टाकायचं

पट्ट्याबाहेर गेलेल्या प्रत्येक बाटलीवर मार्करने तारीख, कमाल तापमान आणि तास लिहून ती वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. निकाल लागेपर्यंत तिच्यावर रुग्णाचा नमुना लावायचा नाही.

ग्लुकोजचं जीओडी-पीओडी रिएजंट खराब होऊ लागलं की गुलाबी छटा येते. पांढऱ्या कागदासमोर धरून बघा, मग ५०५ नॅनोमीटरवर ब्लँक घ्या. आमचा नेहमीचा ब्लँक ०.०५ च्या जवळ असायचा, त्या दिवशी ०.०६ आला, म्हणजे माहितीपत्रकातल्या मर्यादेच्या बराच आत. मग कॅरियरमध्ये जपलेले दोन पातळ्यांचे कंट्रोल लावले, दोन्ही मर्यादेत. बाटली ठेवली, पण ती आधी संपवायची असं ठरवून, आणि संपेपर्यंत रोज दोन्ही कंट्रोल लावून. आज कंट्रोल बरोबर आला म्हणजे छापील मुदतीपर्यंत बाटली टिकेल असं नाही, गरमीने तिचं आयुष्य कमी झालेलंच असतं.

एसजीपीटीचं उलट असतं. त्यातलं एनएडीएच मोडत जातं, त्यामुळे ३४० नॅनोमीटरवरचा ब्लँक वाढत नाही, घटतो. माहितीपत्रकात दिलेल्या किमान आकड्याच्या खाली गेला तर टाका. इथे मन मोठं करू नका, कारण जास्त एसजीपीटी असलेल्या रुग्णात असं रिएजंट अर्ध्यावरच संपतं आणि रिपोर्ट खोटा कमी येतो.

लॅटेक्स तपासायला काळ्या स्लाइडवर एक थेंब लॅटेक्स आणि एक थेंब सलाइन मिसळून दोन मिनिटं हलवा. सिरम नसतानाही दाणे दिसले तर बाटली गोठली होती. मग पॉझिटिव्ह कंट्रोल कितीही छान आला तरी तिचा उपयोग नाही, तिच्यावर सगळेच रुग्ण पॉझिटिव्ह निघतील. अँटिसेरा गढूळ दिसतो का बघा आणि माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर लावा. गुठळ्या नेहमीसारख्या लवकर आणि मोठ्या यायला हव्यात. उशिरा आणि बारीक आल्या तर तो अँटिसेरा रक्तगटासाठी वापरू नका.

कंपनीला फोन करताना लॉट नंबर, कमाल तापमान आणि किती तास हे तिन्ही समोर घेऊन बसा, उत्तर लेखी मागा आणि फाइलला लावा. टाकलेल्या कीटची नोंद साठावहीत कारणासह करा आणि डॉक्टरांची सही घ्या. उशिरा तपासलेल्या प्रत्येक नमुन्याच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ आणि तपासल्याची वेळ दोन्ही लिहा. आमच्याकडचे जे नमुने पट्ट्याबाहेर गेले होते त्यांचे रिपोर्ट दिलेच नाहीत. त्या रुग्णांना निरोप पाठवून पुन्हा बोलावलं.